तळहातावरची माती आणि फसवा रंग

मातीचे फोटो वेगळे करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. प्रत्येक फोटोत एक तळहात, त्यावर मूठभर माती. ती रेताड, चिकण की पोयटा, एवढंच लिहायचं. साठ फोटो मी अर्ध्या तासात उरकले. फिकट दिसली ती रेताड, काळी ती चिकण, मधली तपकिरी ती पोयटा. त्याच नमुन्यांच्या पिशव्या माझ्या मैत्रिणीकडे होत्या, ती माती तपासायचंच काम करते. यादीवर नजर टाकून ती म्हणाली, "अगं, तू माती नाही, ऊन आणि सावली वेगळी केलीस."

तिनं सतरा नंबरचा फोटो काढला. काळाकुट्ट गोळा, मी बिनधास्त 'चिकण' लिहिलं होतं. "मोठा करून बघ." मोठा केल्यावर गोळ्याच्या कडेला बारीक चकाकणारे ठिपके दिसले, प्रत्येकाची सावली वेगळी. वाळूचे कण. वाळूचा कण दोन मिलिमीटरपर्यंत असतो, बराचसा डोळ्यांना सुटा दिसतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान, तो एकेकटा दिसणं शक्यच नाही. म्हणजे दाणा सुटा दिसला की तिथे वाळू आहे, हे नक्की. मग काळा रंग कुठून आला? कुजलेल्या पालापाचोळ्याचा, आणि वर ओलाव्याचा. ओली झाली की कुठलीही माती गडद दिसते. गोळाही ओलाव्यामुळेच धरला होता, ओली वाळू घट्ट दाबली तर तिचाही गोळा होतो. पिशवीतली तीच माती तिनं वाळवून माझ्या हातावर ठेवली, बोटानं टिचकी मारली आणि गोळ्याचा ढिगारा झाला.

तेव्हापासून रंग मी शेवटी बघते. लाल-पिवळी छटा बहुतेक लोहाच्या संयुगांची असते, त्यावरून कण केवढा आहे ते कळत नाही. त्यात फोन आपल्या मर्जीनं रंग बदलतो तो वेगळाच.

आधी बघते ती ढेकळाची कड. सुक्या चिकणमातीचं ढेकूळ फुटतं तेव्हा कडा टोकदार आणि कोनदार निघतात. ओल्या चिकणमातीवर बोट दाबलेलं असेल तर तिथे गुळगुळीत, किंचित चमकणारा ठसा राहतो, कधी कधी बोटाच्या रेषासुद्धा उमटतात. पोयट्याची माती भुसभुशीत असते. तिचे लहान-मोठे गोलसर रवे होतात, त्यांच्यात पोकळ्या दिसतात, आणि एखादं ढेकूळ असलंच तर ते बोटानं चुरलं जाईल असं वाटतं. सुक्या रेताड मातीला ढेकूळच नसतं, ती उताराच्या ढिगासारखी पसरते आणि बोटांच्या फटींतून सांडलेली असते.

दुसरी जागा म्हणजे तळहात. याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं! माती जरा बाजूला सरकलेली असेल तर तिथली कातडी पाहायची. हातावरच्या रेषांत रंग भरून बसला असेल तर बारीक कण भरपूर आहेत. रेषा स्वच्छ आणि चार-दोन दाणे चिकटलेले, तर वाळू जास्त. मात्र माती अगदी कोरडी असेल तर ही खूण फारशी उपयोगी पडत नाही.

एवढं कळल्यावर मी साठही फोटो पुन्हा लावले. या वेळी चुका कमी झाल्या, पण एकेचाळीस नंबरवर परत आपटले. काळसर, मस्त भुसभुशीत, गोलसर रव्यांची माती. मी 'पोयटा' लिहिलं. निघाली चिकण. काही चिकणमाती सुकताना आपोआप बारीक रव्यांत फुटते आणि फोटोत हुबेहूब पोयट्यासारखी दिसते. आपण बघतो तो रवा असतो, असंख्य कण चिकटून बनलेला, आणि त्याच्या आत काय आहे ते फोटो सांगत नाही. मैत्रिणीनं त्यात थेंब थेंब पाणी घालून कणकेसारखं मळलं. रवे विरायला वेळ लागला, दोनेक मिनिटं मळावं लागलं. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढली. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर साधारण पोयटा, पाचच्या पुढे गेली तर चिकण. ही सातपर्यंत लोंबत राहिली.

आता फोटो मागताना मी दोन मागते. एक मूठ वळून उघडल्यावरचा, दुसरा त्याच गोळ्याला बोटानं टोचल्यावरचा. माती वाफशावरची, म्हणजे ओलसर पण चिखल न झालेली असावी, हात सावलीत असावा आणि शेजारी नाणं ठेवावं, म्हणजे रवा केवढा आहे ते कळतं. टोचल्यावर गोळा ढासळला, चुरला की नुसता दबला, हे दुसऱ्या फोटोत दिसतं. यादीत चौथा रकानाही केलाय, 'मळून बघा'. एकेचाळीस नंबर सध्या त्यातच आहे.