कमरेवर हात ठेवलेला माणूस

क्रिकेटचा हंगाम असो नसो, आमच्या घरच्या ग्रुपवर तो माणूस उगवतोच. बिनबाह्यांचं जाकीट, दोन्ही हात कमरेवर, आणि पोराचं प्रगतीपुस्तक बघणाऱ्या बापाचा चेहरा. खाली कधी 'खानापूरची शेवटची बस गेली', कधी 'पाहुण्यांनी कुंदा संपवला'. मीम टेम्प्लेट म्हणजे एवढंच: चेहरा ठरलेला, ओळ ज्याची त्याची. ती ओळ कुणी खरी मानत नाही, म्हणून तिला खोटंही म्हणता येत नाही.

निपाणीच्या मामांनी पाठवलेला फोटो मात्र वेगळा होता. त्यात ओळ नव्हती. टीव्हीवर दिसते तशी धावफलकाची पट्टी होती, भारत-पाकिस्तान, मँचेस्टर. वर मामांचा शेरा, "आपल्याकडून हरल्यावरचं तोंड हाय बघ." इथे गंमत संपून दावा सुरू होतो. बदललेली पट्टी आपण हसण्यावारी नेत नाही, पुरावा म्हणून वाचतो.

मूळ प्रसंग 12 जून 2019 चा, इंग्लंडमधल्या टाँटनचा. विश्वचषकात ऑस्ट्रेलियाची फलंदाजी चालू होती. वहाब रियाझच्या चेंडूवर डेव्हिड वॉर्नरचा झेल असिफ अलीच्या हातून सुटला, कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला आणि हा पाकिस्तानी चाहता सापडला. तो बोलला काहीच नाही. म्हणूनच त्याच्या तोंडी कुठलीही ओळ बसते.

मामांच्या फोटोत चेहरा धूसर आणि पट्टीतली अक्षरं करकरीत होती. फोटो फोनाफोनांतून फिरला की दर वेळी दाबला जातो आणि मळतो. अक्षरं मळली नव्हती, म्हणजे ती मागाहून आली. अर्थात हीच खूण फार दिवस टिकत नाही. आणखी दहा ठिकाणी फिरल्यावर अक्षरंही तितकीच धूसर होतात. मग तारीख बघावी. TinEye या फोटोच्या जुन्या प्रती शोधणाऱ्या साइटवर फोटो टाकून Oldest निवडलं की जुन्या प्रती आधी येतात. सगळ्यात वरची म्हणजे जगातली पहिलीच असं नव्हे, त्या साइटने पाहिलेल्यांतली पहिली. पण भारत-पाकिस्तान सामना झाला 16 जूनला. त्याआधीची एक जरी प्रत मिळाली तरी पट्टीचा निकाल लागला. खात्रीच हवी तर टाँटनच्या सामन्याची चित्रफीत बघावी. झेल सुटतो आणि पाठोपाठ हा दिसतो.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पट्टी खोटी असू दे की. पण हरले ते खरं न्हवं?"

"खरं मामा, 89 धावांनी हरले. पण हे तोंड त्याच्या चार दिवस आधीचं."

तासाभराने ग्रुपवर तोच फोटो आला. पट्टी कापलेली, खाली मामांची ओळ: 'भाच्यानं शाळा घेतल्यावर'.