काळ्याचा तपकिरी

"ताई, इतकी वर्षं काळेभोर केस ठेवलेत, मग आता हा तपकिरी कशाला? सरळ पांढरे तरी सोडा."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला म्हातारं दिसायची भीती नाही. थोडी आहे, पण या निर्णयामागे ती नव्हती.

पुतणीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये नेहमीसारखा १ नंबरचा काळा लावला. लग्नात दोघींनी हळूच विचारलं, "बरं नाही का?" फोटो आले तेव्हा कळलं. माझा गव्हाळ रंग आता पूर्वीसारखा एकसारखा राहिलेला नाही, ओठ फिकटलेत, भुवयांत पांढरे केस आलेत. त्या चेहऱ्याभोवती तो गडद काळा टोप घातल्यासारखा दिसत होता, आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं उठून आली होती. तिशीत हाच काळा मला शोभायचा, कारण तेव्हा भुवया आणि डोळेही तितकेच गडद होते. मी तो रंग धरून बसले आणि चेहरा पुढे गेला.

मग घाई केली. महिन्याभराने दुकानातून ४ नंबरचा तपकिरी आणला आणि घरीच सगळ्या केसांना चोपडला. मुळाशी सेंटिमीटरभर पांढरे होते, ते तांबूस तपकिरी झाले. खालचे होते तसे काळेच राहिले. डोक्यावर सरळ दोन रंगांचा पट्टा! पंधरा दिवस ओढणी घेऊन बाहेर पडले. एकदा बसलेल्या रंगावर दुसरा रंग लावून केस उजळत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुना काळा काढायचा तर रंग उतरवणारं रसायन लावावं लागतं, किंवा केस वाढू देऊन कापत जावं लागतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मी कापत गेले. खांद्याखालचे केस मानेपर्यंत आणले, तरी दोन वर्षं गेली. रडलेही.

आता मुळांनाच लावते, तेही ४ नंबरचा साधा तपकिरी, लालसर छटेचा नाही. पांढऱ्या केसांवर लाली फार चढते. टोकांना दरवेळी रंग लावला की ती गडद होत जातात, म्हणून तिथे हात लावत नाही. भुवयांची पेन्सिलही काळी सोडून तपकिरी घेतली. मुळाशी नवे पांढरे दिसू लागले की पूर्वी काळ्याखाली भांगात रेघ उमटायची. आता ती पुसट दिसते, त्यामुळे आठवडाभर जास्त निभतं.

"मग काळा लावत होतीस तेव्हा चुकत होतीस का?" असं माझंच मन विचारतं. नाही, तेव्हा तो बरोबर होता. पण पन्नाशीनंतरही पाच वर्षं तो ओढत नेला, याचं वाईट वाटतं.

पुढे आणखी फिका ५ नंबर घ्यायचा की सगळंच सोडायचं, ते ठरलेलं नाही. सध्या उजव्या कानशिलावरची एक बट रंगवणं थांबवलंय. ती दोन इंच पांढरी झाली आहे.