चेंडूचा एकूण प्रवास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सगळ्यांत आधी गणिताचे सर आठवले. भूमिती श्रेढी शिकवताना त्यांनी रबरी चेंडू वर्गात आणला होता. २ मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू दर टप्प्यानंतर आधीच्या उंचीच्या पाऊणपट उसळत असेल, तर थांबेपर्यंत तो एकूण किती अंतर कापेल, असा प्रश्न होता.

वर्गातून दोन उत्तरं आली, ८ आणि १६. ८ म्हणणाऱ्यांनी फक्त खाली पडण्याची अंतरं मिळवली होती: २, मग दीड, मग १.१२५ असं करत. १६ म्हणणाऱ्यांनी चढ-उतार दोन्ही धरायचे म्हणून ती बेरीज सरळ दुप्पट केली. सर म्हणाले, "पोट्टेहो, पहिल्यांदा तो नुसता पडला ना? वर कुठून गेला होता?" पहिली २ मीटरची पडझड एकदाच धरायची; म्हणून १६ मधून २ वजा, उत्तर १४.

मग सरांनी सूत्र पुसलं आणि तेच उत्तर दुसऱ्या वाटेने काढलं. ती वाट मला आजही सूत्रापेक्षा सुंदर वाटते. पूर्ण प्रवास 'प' माना. चेंडू २ मीटर पडला, दीड मीटर चढला. आता तो दीड मीटरवर क्षणभर थांबलाय, म्हणजे जणू तिथूनच कुणीतरी नव्याने सोडलाय. पुढचा प्रवास मूळ प्रवासासारखाच, फक्त पाऊणपट. म्हणून प = २ + १.५ + ०.७५प. पाव 'प' म्हणजे साडेतीन, प म्हणजे १४. कुठल्याही उंचीवरून सोडा, उत्तर उंचीच्या सातपट.

"पण सर, टप्पे संपतच नाहीत, मग चेंडू थांबतो कसा?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. सरांनी चेंडू टाकला आणि आवाज ऐकायला सांगितलं. टप्पे भराभर जवळ येत गेले आणि एकदम थांबले. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो. त्यामुळे वेळांचीही श्रेढीच होते आणि तिची बेरीज जेमतेम ९ सेकंद. खरा चेंडू शेवटी जमिनीवर नुसता थरथरतो, तिथे नियम मोडतो हे खरं. पण उसळी १ सेंटिमीटरवर आली की उरलेला प्रवास फक्त ७ सेंटिमीटर. १४ मीटरपुढे तो नगण्यच.

खरी अडचण त्या पाऊणपटीत आहे. ०.७५ च्या जागी ०.८ धरलं तर १४ चे १८ मीटर होतात, ०.७ धरलं तर ११ च्या थोडं पुढे. शिवाय रबर तापलं की जास्त उसळतं. नागपूरच्या एप्रिलमधल्या दुपारी व्हरांड्यात पडून राहिलेला चेंडू आणि डिसेंबरच्या सकाळचा चेंडू यांचं गुणोत्तर एकच नसतं. म्हणून सर उसळी आधी भिंतीवर खडूने खूण करून मोजायला लावत आणि मगच वही उघडू देत.