एकाच मुहूर्तावरच्या पाच वराती

"पहिला मोठा पाऊस पडला की सगळे बेडूक एकाच वेळी एवढे का ओरडतात? शाळेतल्या मुलांना तुम्ही काय सांगता?"

वर्गात शिरलो की मी आधी फळ्यावर एक डबकं काढतो. मोकळ्या प्लॉटवर रात्रीच साचलेलं, गुडघाभरही खोल नसलेलं. मग विचारतो, आपल्या नागपुरात अंबाझरी आहे, फुटाळा आहे, मग बेडूक या गढूळ डबक्यात कशाला येतात? एखादं पोरगं ओळखतंच: तलावात मासे असतात. मासे अंडीही गिळतात आणि पिल्लंही. कालच भरलेल्या डबक्यात मासा कुठून येणार?

पण डबकं आटतं. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, तरी शेपटीवाल्या पिल्लाला पाय फुटून बाहेर पडायला महिनाभर तरी लागतो. पाणी साचलं त्याच रात्री जो सुरुवात करेल, त्याचीच पिल्लं तरायची शक्यता जास्त. उन्हाळाभर मातीत दडून बसलेले सगळे एकाच पावसानं बाहेर येतात आणि सगळ्यांना तीच रात्र हवी असते. मुहूर्त एकच निघाला की गल्लीत पाच वरातींचे बँड एकदम वाजतात, तसंच हे. पाऊस बोलावणं वगैरे काही नाही, पाऊस येऊन गेलेला असतो.

हाक देतात ते नर. तोंड मिटून, फुप्फुसातली हवा गळ्याखालच्या पिशवीत आणि तिथून परत फुप्फुसात. मादी ऐकते आणि निवडते. शेजारी ओरडत असताना गप्प बसलेल्याकडे कोण येणार? म्हणून एकानं सुरू केलं की सगळे पेटतात. हा समूहगान वगैरे नाही, ही चढाओढ आहे.

मग एवढ्या गोंधळात मादीला ऐकू काय येतं? त्यासाठी खेळ घेतो. एका मुलीचे डोळे बांधायचे. चौघांनी चार वेगळे आवाज काढायचे: एकाचा जाडा "डराँव", दुसऱ्याचा बारीक "टिक-टिक", असे. "टिक-टिक"वाला तिला लगेच सापडतो. प्रत्येक जातीची पट्टी आणि ठेका वेगळा असतो, आणि मादीचा कान आपल्या जातीच्या आवाजाला जुळलेला असतो. मग चौघांना एकदमच "टिक-टिक" करायला लावतो. आता ती नुसती गोल फिरते. तिसऱ्या वेळी सांगतो, शेजारचा थांबला की तुम्ही बोला. पुन्हा सापडतो! बऱ्याच जातींचे बेडूकही शेजाऱ्याच्या दोन हाकांमधली फट साधतात.

दरवर्षी कुणीतरी मोबाइलवर पिवळ्याधमक बेडकाचा फोटो दाखवून विचारतं, विषारी का? नाही. आपला मोठा बेडूकच तो, या दिवसांत नराला असा रंग चढतो आणि गालाखालच्या पिशव्या निळ्या दिसतात.

मागच्या खेपेला एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या मागचं डबकं आटलं, पिल्लं मेली." उघडीप लांबली की हे होतंच. ज्यांची अंडी घालायची राहिलेली असतात, ते पुढच्या जोरदार सरीला पुन्हा ओरडतात. गलका मात्र पहिल्या रात्रीइतका नसतो.