एका चांदणीवर चार दावे

कापसाचे पैसे हातात यायला लागले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दुचाकीच्या पत्रकांचा हंगाम सुरू होतो. मी तालुक्याच्या गावी एका छापखान्यात डीटीपीचं काम करते. एका शोरूमच्या दादांनी कंपनीकडून आलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि लगेच फोन केला. "ताई, ए-फोर आहे, अर्ध्या साइजमध्ये बसवून द्या. उद्याच्या बाजारात वाटायचं आहे."

फाइल उघडली. गाडीच्या फोटोभोवती मोठ्या लाल अक्षरांत चार ओळी होत्या: फक्त ₹९,९९९ भरा, गाडी घरी न्या. ०% व्याज. ७० किमी मायलेज. ५ वर्षांची वॉरंटी. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बारीक चांदणी, चारही ठिकाणी तीच. आणि पार तळाला, फोन नंबरच्याही खाली, करड्या रंगात दोन ओळींचा मजकूर, तोही इंग्रजीत. त्याच्या सुरुवातीला पुन्हा तीच चांदणी.

तळाचा मजकूर मूळ ए-फोरवर सहा पॉइंटचा होता. ए-फोरचं ए-फाइव्ह केलं की लांबी-रुंदी साधारण सत्तर टक्क्यांवर येते, म्हणजे ते अक्षर चार पॉइंटच्या जरासं वर उरतं. त्यात कंपनीचं डिझाइन चार रंगांचं, आमच्याकडचं पत्रक दोन रंगांचं, लाल आणि काळा. करडी शाई म्हणून वेगळं काही नसतं. काळ्याचेच बारीक ठिपके पाडून करडं दाखवतात. मोठ्या ठोकळ्यात ते ठिपके खपून जातात. चार पॉइंटच्या अक्षराची रेघच ठिपक्याएवढी असते, त्यामुळे रेघ तुटते आणि पत्रकाच्या स्वस्त कागदावर शाई पसरून आतली पोकळी बुजते. मी लेझरवर एक प्रूफ काढलं आणि भिंगाखाली धरलं. टक्क्याच्या खुणेतली दोन्ही शून्यं भरून गेली होती, इंग्रजी 3 आणि 8 वेगळे ओळखता येत नव्हते. मशीनवर यापेक्षा वाईटच येणार होतं. जी माहिती आकड्यांतच आहे तिचे आकडेच आधी जात होते.

प्रूफ टेबलावर होतं तेव्हा जवळच्या खेड्यातले एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका तपासायला आले होते. त्यांच्या मुलाला रोज सकाळी दूध संकलन केंद्रावर दूध घालायला गाडी घ्यायची होती. त्यांनी पत्रक उचललं, लांब धरून वाचलं.

"ताई, म्हंजे दहा हजार भरले का गाडी भेटते, अन् बाकीवर व्याज नाही. असंच हाय ना?"

पत्रक वाचून कुणालाही तेच वाटेल. ओळी एकाखाली एक आहेत, चांदणी एकच आहे. मग त्यांनी बोट ठेवलं, "हे चांदणी कायले देली इथं?"

मी त्यांना बसायला सांगितलं. मला स्वतःलाच बघायचं होतं. फाइल कर्व्ह केलेली होती, म्हणजे अक्षरं आता अक्षरं नव्हती, नुसत्या आकृत्या होत्या. त्यामुळे खालचा मजकूर मूळ फाइल पडद्यावर मोठी करून वाचला आणि वाक्य-वाक्य तोडून मराठीत टाइप केला. पाच वाक्यं निघाली. कमी रक्कम भरून गाडी नेण्याची योजना ३६ महिन्यांच्या कर्जावर, ११% फ्लॅट दराने. शून्य व्याज १२ महिन्यांच्या कर्जावर, ऑन-रोड किमतीच्या किमान ४०% रक्कम आधी भरल्यास. प्रोसेसिंग चार्ज वेगळा. मायलेज प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीतलं. आणि शेवटी अर्थातच अटी व शर्ती लागू.

मग वरच्या चार दाव्यांना चांदणीऐवजी १, २, ३, ४ असे बारीक आकडे दिले आणि खालचं प्रत्येक वाक्य ज्या दाव्याला आवळतं त्याचा आकडा त्याच्यापुढे लावला. एवढं करताच पत्रक पार वेगळं दिसायला लागलं. पहिल्या दाव्याची अट म्हणते तीन वर्षांचं कर्ज आणि ११% व्याज. दुसऱ्याची अट म्हणते एक वर्षाचं कर्ज आणि चाळीस टक्के आधी. म्हणजे ज्याला ९,९९९ रुपयांत गाडी मिळणार त्याला ०% नाही, आणि ज्याला ०% मिळणार त्याला ९,९९९ मध्ये गाडी नाही. दोन्ही ओळी एकाच गिऱ्हाइकाला कधीच लागू होणार नव्हत्या. चारही दाव्यांना एकच चांदणी असल्यामुळे हे झाकलं गेलं होतं, कारण कुठलं वाक्य कुठल्या ओळीचं हे वाचणाऱ्याला जुळवताच येत नव्हतं.

काकांसाठी हिशेब कागदावर मांडला. गाडी ऑन-रोड एक लाखाची धरली. पहिल्या योजनेत दहा हजार भरले की ९०,००० कर्ज. फ्लॅट दर म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज, हप्त्यांनी मुद्दल कितीही फिटत असलं तरी. ९०,००० वर ११% म्हणजे वर्षाला ९,९००, तीन वर्षांचे २९,७००. एकूण फेड १,१९,७००, हप्ता ३,३२५. शेवटच्या वर्षी कर्जाचा थोडासा भाग शिल्लक असतो, तरी व्याज ९०,००० वरच चालू असतं. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशेबाने तपासला तर दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास निघतो. अकरा हा आकडा खोटा नाही, पण बँकेच्या पीक कर्जाच्या किंवा बचत गटाच्या दराशी तो तोलता येत नाही, आणि आमच्याकडे लोक तोच तोलतात.

दुसऱ्या योजनेत ४०,००० आधी, ६०,००० कर्ज, १२ हप्ते ५,००० चे. बरोबर साठ हजार फेड, व्याज खरंच शून्य. प्रोसेसिंग चार्ज किती ते मी दादांना फोनवर विचारलं. म्हणाले, "फाइल चार्ज चोवीसशे." हे पैसे आधीच कापले जातात, म्हणजे हातात पडतात ५७,६०० आणि फेडायचे ६०,०००. वर्षाचा दर काढला तर साडेसात टक्क्यांच्या जवळ येतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांत व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या नावाखाली वसूल होतं. तरी ही योजना पहिलीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, हेही काकांना सांगितलं. फक्त आधी चाळीस हजार हवेत.

काका बराच वेळ कागदाकडे पाहत होते. "मंग हे दोन वेगळे पाम्प्लेट पाह्यजे होते ना ताई." मला त्या दिवशी ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच वाटतं.

शोरूमचे दादा दुपारी आले. माणूस वाईट नाही. त्यांनी ती करडी ओळ स्वतः कधी वाचलेली नव्हती. पहिलं म्हणणं हेच की "खाली लिहिलेलं तर आहे सगळं." मी त्यांच्यासमोर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं ठेवली. फसव्या जाहिराती रोखण्यासाठीची आहेत ती, आणि त्यात तळटीपांबद्दल वेगळं कलम आहे. टीप दाव्याचा खुलासा करू शकते, मर्यादा सांगू शकते. पण दाव्याच्या उलट बोलू शकत नाही, महत्त्वाची माहिती लपवू शकत नाही, आणि दिशाभूल करणारा दावा टीप देऊन दुरुस्त करता येत नाही. टीप दाव्याच्याच भाषेत हवी, आणि साध्या वाचकाला नेहमीच्या अंतरावरून वाचता येईल अशी हवी. मराठी दाव्याला इंग्रजी टीप, हे पहिल्याच फटक्यात बसत नाही.

दादांनी भिंगातून प्रूफ पाहिलं. मग कंपनीच्या एरिया मॅनेजरला फोन लावला. तिकडून आधी उत्तर आलं की डिझाइनला हात लावायचा नाही. दादा चिडले, म्हणाले, "साहेब, बाजारात लोक माझी कॉलर धरतील, तुमची नाही." बराच वेळ बोलणं झाल्यावर परवानगी मिळाली ती अशी की गाडीचा फोटो आणि कंपनीचं चिन्ह तसंच ठेवायचं, योजनांचा मजकूर शोरूमने आपल्या जबाबदारीवर घालायचा.

मग पत्रक नव्याने लावलं. फोटोखाली दोन चौकटी शेजारी-शेजारी. पहिलीत: आधी ₹९,९९९, ३६ हप्ते, फ्लॅट व्याज ११%, हप्ता ₹३,३२५. दुसरीत: आधी किमतीच्या ४०%, १२ हप्ते, व्याज ०%, फाइल चार्ज ₹२,४००. दोन्हींच्या मधे मोठा "किंवा". हप्ता एक लाखाच्या गाडीचा आहे हेही चौकटीतच लिहिलं. अटी दाव्याच्या ओळीतच आल्यावर चांदणीची गरजच उरली नाही. मायलेजला मात्र चांदणी ठेवली, कारण तिथे ती खरं काम करते. दावा आणि अट एकमेकांशी भांडत नाहीत. चाचणीतला आकडा आणि आपल्या खडबडीत रस्त्यावरचा आकडा वेगळा येणार एवढंच ती सांगते. ती टीप त्याच ओळीखाली, नऊ पॉइंटमध्ये, पूर्ण काळ्यात घातली.

काकांनी ठरवलं, कापूस पूर्ण विकून झाल्यावर दुसरी योजना घ्यायची. मी त्यांना एक सांगून ठेवलं: सही करण्याआधी कर्ज देणाऱ्याकडून "की फॅक्ट्स स्टेटमेंट", म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचं विवरण, मागायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, आणि त्यात फीसकट सगळा खर्च धरून वर्षाचा एकच दर छापलेला असतो. पत्रकावर काहीही असो, दोन योजना तोलायच्या त्या आकड्यावर. काकांनी ते नाव मोबाइलवर लिहून घेतलं.

राहिली चौथी ओळ. पाच वर्षांच्या वॉरंटीवर चांदणी होती, पण खालच्या पाच वाक्यांत वॉरंटीबद्दल एक शब्दही नव्हता. मूळ पत्रकातली काहीतरी अट काटछाट करताना किंवा भाषांतरात गळाली असणार. अशा मोकळ्या चांदण्या मला फाइलींमध्ये नेहमी दिसतात, आणि मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते. अट आहे एवढंच कळतं, कुठली ते नाही. किलोमीटरची मर्यादा असेल, ठरलेल्या तारखेला सर्व्हिसिंग न केल्यास वॉरंटी रद्द असेल, पाचांपैकी काही वर्षं वेगळे पैसे भरून घ्यायची असतील. दादांनी एरिया मॅनेजरला पुन्हा विचारलं. "बघून सांगतो," म्हणाले. संध्याकाळी छपाईची प्लेट करायची वेळ झाली तरी फोन आला नाही, तेव्हा दादाच म्हणाले, "काढून टाका ताई ती ओळ." पत्रक वॉरंटीशिवाय छापलं गेलं.