हेल्मेटवर आलेला आळ

दिवाळीनंतर एका सकाळी एरंडोलचा एक तरुण आईला घेऊन माझ्या जळगावच्या दवाखान्यात आला. त्याने कागदाची पुडी टेबलावर सोडली. उशीवर आणि न्हाणीत पडलेले केस होते. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बठ्ठा केस चालना गयात." जळगावला एमआयडीसीत नोकरी लागली, तेव्हापासून रोज हेल्मेट आणि तेव्हापासूनच गळती, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे पोरगा आठवडाभर हेल्मेटशिवाय महामार्गावरून ये-जा करत होता. मला केसांपेक्षा त्याचीच धास्ती वाटली.

केस त्याने आदल्या दिवसापासून धुतले नव्हते, ते बरंच झालं. डोक्याच्या चार बाजूंना साधारण पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हळू ओढली. पाच-सहापर्यंत केस आले तर चिंता नसते. इथे प्रत्येक वेळी पंधराच्या आसपास हातात आले, मानेजवळही तेवढेच. भिंगाखाली प्रत्येकाच्या मुळाशी पांढरा गोळा दिसला. म्हणजे केस तुटले नव्हते, विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन आपसूक सुटले होते. असं शरीराला मोठा धक्का बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी होतं. म्हणून विचारलं, "गणपतीत आजारी होतास का रे भाऊ?"

"डेंग्यू झाला होता. अॅडमिट होतो."

ताप उतरला, नोकरी लागली, हेल्मेट आलं आणि मग केस गळाले. मधलं हेल्मेट डोळ्यांसमोर, म्हणून आळ त्याच्यावर.

तरी आईची खात्री पटेना. "याचे वडील कायम टोपी घालायचे, त्यांनाही टक्कल." मी विचारलं, कानांवरचे केस गेले का त्यांचे? नाही, ते दाट होते. टोपी आणि हेल्मेट सगळ्यांत घट्ट बसतं ते कानांच्या वर आणि मागच्या बाजूला. पुरुषी टक्कल पडतं ते कपाळाच्या कोपऱ्यांत आणि टाळूवर. ते आनुवंशिक असतं, आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून येऊ शकतं, आणि तिथली मुळं डीएचटी या हार्मोनमुळे बारीक होत जातात. "हवा लागत नाही" हेही खरं नाही, मुळांना प्राणवायू रक्तातून मिळतो.

मग आई म्हणाली, गोटा करून टाकू, दाट येतील. वस्तऱ्याने कापलेलं टोक बोथट असतं म्हणून केस जाड लागतो, एवढंच. मूळ कातडीच्या आत तसंच राहतं.

हेल्मेट फार घट्ट असून एकाच जागी घासत असेल तर तिथले केस तुटतात. घामट अस्तराने कोंडा असलेल्याची खाज वाढते. म्हणून अस्तर धुवायला, आत सुती रुमाल बांधायला आणि दुसऱ्याचं हेल्मेट न वापरायला सांगितलं. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला दिलं. फेरिटिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. तेलं-शाम्पू काही लिहून दिले नाहीत.

फाल्गुनात तो पुन्हा आला. गळती थांबली होती, कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे नवे केस उभे होते. हेल्मेट हातात होतं.