पान १४३ वरचं ‘संदक’

सर पेनड्राइव्ह घेऊन आले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते आणि मी नुकताच चहा ओतला होता. पेनड्राइव्हमधे एक फोल्डर, त्यात नऊ फाईली. एकीचं नाव "final", एकीचं "final new", एकीचं नुसतं "Doc1". दुष्काळ, जमीन आणि पाणी यावर नऊ कॉलेजातल्या नऊ जणांनी लिहिलेली प्रकरणं, सर संपादक. म्हणाले, "ताई, सगळं टाईप झालेलंच आहे, नुसतं एकत्र करून एकसारखं दिसेल असं करा. संध्याकाळपर्यंत पीडीएफ प्रेसला द्यायचंय."

"नुसतं" हा शब्द ऐकला की मला पोटात गोळा येतो, बारा वर्षं डीटीपी करतेय मी. पण दुकान चालवणाऱ्या काकांनी आधीच हो म्हणून ठेवलं होतं.

पुस्तक डेमी साईझचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. फाईली सगळ्या ए-फोर, दोन तर अमेरिकन लेटर साईझ, कारण वर्ड इन्स्टॉल झाल्यापासून कुणी ती सेटिंग बघितलीच नव्हती. एकाने समास एक इंच ठेवलेला, एकाने चारी बाजूंनी अर्धा, आणि एका मॅडमनी तर समास न बदलता प्रत्येक ओळीच्या आधी स्पेसबार मारून मजकूर आत ढकलला होता, कसं जमलं देव जाणे.

मी आधी एक रिकामी फाईल तयार केली. डेमी साईझ, आतला समास पाऊण इंच, बाहेरचा थोडा कमी, मिरर मार्जिन चालू म्हणजे बाइंडिंगच्या बाजूला डाव्या-उजव्या पानावर जागा बरोबर सुटते. मग स्टाईली: प्रकरणाच्या नावाला Heading 1, आतल्या मथळ्यांना Heading 2, बाकी मजकुराला Normal. इथे एक गोष्ट नवीन माणसाला हमखास फसवते. Normal ला वरच्या पट्टीतून कोकिळा फॉन्ट आणि पंधरा साईझ दिली तरी कधीकधी मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो, आणि माणूस बसतो कॉम्प्युटर बिघडला म्हणत. वर्डमधे देवनागरीचा फॉन्ट, साईझ आणि बोल्ड वेगळ्या खणात असतात. स्टाईल मॉडिफाय करताना खाली Format, Font उघडलं की दोन भाग दिसतात, Latin text आणि Complex scripts. मराठी त्या दुसऱ्या भागाचं ऐकते. पहिल्यात मी टाईम्स अकरा ठेवला, दुसऱ्यात कोकिळा पंधरा, कारण कोकिळा दिसायला बारीक आहे आणि एकाच साईझला इंग्रजी शब्द मराठीच्या डोक्यावर चढून बसतात.

हे झालं तोवर अकरा. तेवढ्यात काकांनी मला एका लग्नपत्रिकेवर बसवलं आणि आमच्या दुकानातल्या पोराला सांगितलं की तू तोवर फाईली जोडून घे. पोरगा हुशार आहे, यूट्यूबवर बघून सगळं शिकलेला. त्याने कॉपी-पेस्टच्या भानगडीत न पडता Insert मधून Text from File वापरलं, ते एकदम बरोबर, कारण त्या रस्त्याने आलं की दोन्हीकडे एकाच नावाची स्टाईल असेल तर आपल्या फाईलमधली व्याख्या लागू होते. पण पुढे त्याने सगळं सिलेक्ट करून Ctrl+Space आणि Ctrl+Q मारलं आणि फाईल सेव्ह करून जेवायला गेला.

या दोन बटणांनी हाताने केलेलं सगळं फॉरमॅटिंग निघून जातं, अक्षराचं पहिल्याने आणि परिच्छेदाचं दुसऱ्याने. ते काढायचंच असतं, पण केव्हा काढायचं त्यावर सगळं अवलंबून. मी परत येऊन बघितलं तर मथळे गायब. बहुतेकांनी मथळा म्हणजे ओळ सिलेक्ट करून बोल्ड आणि सोळा साईझ एवढंच केलेलं, Heading ची स्टाईल लावलीच नव्हती, त्यामुळे साफसफाईत मथळा आणि मजकूर एक झाले. त्याहून वाईट म्हणजे टिपांचे आकडे. लोकांनी खऱ्या फूटनोट टाकल्या नव्हत्या, आकडा टाईप करून वर उचलला होता, तो आता खाली येऊन शेजारच्याला चिकटला. "१९७२ च्या" ऐवजी कुणी "दुष्काळ १९७२" असं वाक्य संपवून पुढे टीप क्रमांक ४ दिला होता, ते झालं "दुष्काळ १९७२४". असं वर्ष बघून सरांना झीट आली असती.

आणि सातवं प्रकरण तर वाचताच येईना. सगळीकडे `ejkBh`, `Hkkjr`, `dtZ` असलं काहीतरी. पोरगा म्हणाला, "ताई, ही फाईल करप्ट आहे." करप्ट बिरप्ट काही नाही, ते विदर्भातले सर कृतिदेवमधे टाईप करतात. कृतिदेव हा युनिकोड नाही, त्यात आतमधे इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. `ejkBh` म्हणजे मराठी, `dtZ` म्हणजे कर्ज, शेवटचा Z हा रफार. फॉन्ट काढला की मुखवटा पडतो. आणि आता त्यांचे खरे इंग्रजी शब्दही त्याच फॉन्टमधे आलेले, म्हणजे कुठलं इंग्रजी खरं आणि कुठलं मराठीचं सोंग हे फॉन्टवरून कळायची सोयच राहिली नाही.

मूळ फाईली पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचलो. जोडलेली फाईल फेकून दिली आणि परत पहिल्यापासून, पण या वेळी प्रत्येक फाईल जोडायच्या आधीच तिच्यावर काम. आधी मथळे: एका मथळ्यावर क्लिक करून Home मधे Select, तिथे Select All Text With Similar Formatting, की त्या फाईलमधले तसे सगळे मथळे एकदम निवडले जातात, मग Ctrl+Alt+2. परिच्छेदाची स्टाईल Ctrl+Space ने जात नाही, म्हणून ती आधी लावून घ्यायची. मग टिपांचे वर उचललेले आकडे. Find चा खण रिकामा, फक्त Format मधून Superscript निवडायचं, आणि Replace मधे हे:

```
[[^&]]
```

`^&` म्हणजे जे सापडलं तेच. म्हणजे प्रत्येक वरच्या आकड्याला कंस पडतात आणि ते साफसफाईतून सुखरूप बाहेर येतात. साफसफाई झाली की Use wildcards वर टिक करून उलटा प्रवास:

```
Find:    \[\[(*)\]\]
Replace: \1
```

Find वरचं आधीचं Superscript काढायचं आणि Replace ला Superscript द्यायचं. तिरपी केलेली पुस्तकांची नावंही अशीच वाचवली, फक्त कंस वेगळे.

कृतिदेवचं प्रकरण कन्व्हर्टरमधून युनिकोड केलं. घाईत सगळी फाईल कॉपी करून एकदम टाकली आणि वाचायला घेतलं, तर मराठी बऱ्यापैकी बरोबर होतं, जोडाक्षराच्या आधीची ऱ्हस्व वेलांटी काही ठिकाणी चुकीच्या अक्षरावर बसली होती तेवढीच. मग एका वाक्यात शब्द आला "संदक". "संदक रेकॉर्ड" वगैरे. मी दोन वेळा वाचलं, वाटलं सरांच्या भागातला काही शब्द असेल, महसुलात एकेक जुने शब्द असतातच. मूळ फाईल उघडली तर तिथे land! कन्व्हर्टरला काय माहीत हे खरं इंग्रजी आहे, त्याने कृतिदेव समजून l चा स, a चा अनुस्वार, n चा द, d चा क केला. rural चं झालं होतं "तनतंस". असला शब्द निदान डोळ्याला टोचतो, पण संदक दिसायला एकदम घरचा.

मग मूळ फाईलमधे Find ला फॉन्ट टाईम्स आणि Replace ला लाल रंग दिला, सगळे खरे इंग्रजी शब्द लाल झाले. ते शेजारी उघडं ठेवून एकेक शब्द युनिकोडच्या फाईलमधे हाताने दुरुस्त केला, आणि शेवटची इंग्रजी संदर्भयादी कन्व्हर्टरला न दाखवता थेट मूळ फाईलमधून उचलली. यात दीड तास गेला. मधे सरांचे दोन फोन.

साडेचारला नऊ प्रकरणं जोडली, प्रत्येकानंतर सेक्शन ब्रेक, आणि बरं दिसायला लागलं. तेव्हा पोराने विचारलं, "ताई, सातव्यात टेबलच्या आधी एक ब्रेक जास्तीचा आहे, काढू?" मी मान हलवली असणार. पुढच्या मिनिटाला सातव्या प्रकरणाची सुरुवातीची सगळी पानं आडवी. ते टेबल सात कॉलमचं, सरांनी आडव्या पानावर केलेलं. पानाचा आकार, समास, आडवं-उभं हे सगळं त्या सेक्शनच्या शेवटच्या ब्रेकमधे साठवलेलं असतं. ब्रेक उडवला की वरचा मजकूर खालच्या सेक्शनचा होतो आणि त्याचे कपडे घालतो. लोकांना उलटं वाटतं, की खालचं वरच्यासारखं होईल. ब्रेक परत घातला, वरचा भाग उभा केला, आणि टेबल डेमीच्या पानाबाहेर जात होतं ते AutoFit Window ने आत घेतलं. घेताना त्यातले कॉलम फारच बिघडले, म्हणून मी दुपारी वेगळं नीट करून ठेवलेलं तेच टेबल आणून तिथे चिकटवलं. वेळ वाचला म्हणून खूश झाले.

शेवटी अनुक्रमणिका टाकली. ती मी पानं बघायला कमी आणि चुका बघायलाच जास्त टाकते, कारण Heading लावलेलं जे काही आहे ते सगळं तिथे उघडं पडतं. एका मॅडमचा आख्खा नऊ ओळींचा परिच्छेद अनुक्रमणिकेत येऊन बसला होता. दोन ठिकाणी नुसता पान नंबर, नाव नाही, म्हणजे नुसत्या स्पेस असलेल्या, दिसायला रिकाम्या ओळीला Heading लागलेलं. आणि तिसऱ्या प्रकरणाचं नावच नाही, कारण ते त्यांनी टेक्स्ट बॉक्समधे टाकलं होतं, छान रंगीत, गोल कोपऱ्यांचं. बॉक्स उडवला, नाव साध्या ओळीत आणलं. सरांना वाईट वाटलं थोडं, म्हणाले मॅडमनी हौसेने केलं होतं.

पावणेआठला पीडीएफ गेलं.

तीन आठवड्यांनी सर पुस्तकाची एक प्रत दुकानात देऊन गेले, पेढ्यांसकट. मी सवयीने सातवं प्रकरण उघडलं. पान १४३, ते सात कॉलमचं टेबल, तिसऱ्या कॉलमच्या मथळ्यात ठळक कोकिळामधे, एकदम मधोमध: "संदक (हेक्टर)". दुपारी वेगळं करून ठेवलेलं टेबल पहिल्या, घाईतल्या कन्व्हर्जनचं होतं, लाल रंग लावायच्या आधीचं. सरांना मी सांगितलं नाही. त्यांनीही अजून विचारलेलं नाही.